दोन आणि x शून्य मानले तर

पूर्णांक सहगुणकांच्या बहुपदींचा Z[x] हा संसार अफाट आहे. त्यात 2 आणि x दोन्ही शून्य मानले, तर काय उरेल?

7x³ − 4x + 5 घ्या. x शून्य झाला की x असलेली पदे गळतात आणि 5 उरतो. 5 म्हणजे 2 + 2 + 1. दोन शून्य, म्हणून हाती 1. म्हणजे बघायचे एवढेच, की अचर पद सम आहे की विषम. सम असेल तर 0, विषम असेल तर 1. उरतात ते फक्त दोन घटक, आणि त्यांच्यात 1 + 1 = 0.

पण 1 सुद्धा शून्यात जाणार नाही कशावरून? शून्य ठरलेली प्रत्येक बहुपदी 2f + xg अशी असते; तिचे अचर पद समच, म्हणून 1 त्यात बसत नाही. उलट, सम अचर पदाची कोणतीही बहुपदी या रूपात मांडता येते. म्हणून Z[x]/(2, x) ≅ Z/2Z.

विद्यार्थी गफलत करतात ती इथे: सगळेच सहगुणक सम हवेत असे त्यांना वाटते. ती अट एकट्या 2 ची. तेव्हा x शाबूत राहतो आणि उत्तर अनंत घटकांचे येते.