दहा आधी, नऊ नंतर

पाच विद्यार्थ्यांना शंभरपैकी मिळालेले गुण आहेत ७, १२, १००, ४५ आणि ९. शाळेच्या वेबपेजवर सगळ्यांत कमी गुण, सगळ्यांत जास्त गुण आणि मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातला अगदी मधला आकडा, दाखवायचा आहे. पेज जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं आहे. क्रम लावायला त्या भाषेत तयार सोय आहे, तिचं नाव `sort`. प्रोग्रामर ती वापरतो:

```
const gun = [7, 12, 100, 45, 9];
gun.sort();
// [100, 12, 45, 7, 9]
```

पहिला आकडा सगळ्यांत लहान, शेवटचा सगळ्यांत मोठा आणि तिसरा मध्यक असं धरून पेज उत्तरं छापतं: किमान गुण १००, कमाल गुण ९, मध्यक ४५. खरा मध्यक १२ आहे. किमान १०० आणि कमाल ९ पाहून कुणालाही शंका येईल. पण पेजवर फक्त मध्यक छापला असता, तर ४५ हा आकडा कुणाला खटकला असता? प्रोग्राम बंद पडत नाही, पडद्यावर लाल अक्षरांत इशारा येत नाही. चुकीचा आकडा बरोबर आकड्यासारखाच दिसतो, आणि मला या प्रकारातली सगळ्यांत गंभीर गोष्ट हीच वाटते.

हे घडतं कसं? `sort` ला तुलना कशी करायची ते सांगितलं नाही, तर ते प्रत्येक आकड्याचा आधी मजकूर करतं. १०० ही संख्या उरत नाही. `1`, `0`, `0` अशा तीन चिन्हांची ओळ होते. मग दोन ओळी डावीकडून एकेक चिन्ह घेऊन ताडल्या जातात. प्रत्येक चिन्हाला संगणकात एक क्रमांक असतो: `0` चा ४८, `1` चा ४९, असं करत `9` चा ५७. दहा आणि नऊ समोरासमोर आले की पहिली चिन्हं `1` आणि `9`. ४९ हा ५७ पेक्षा लहान, म्हणून दहा आधी. निकाल तिथेच लागला, पुढचं शून्य कुणी पाहतच नाही. शब्दकोशात ‘कमळ’ हा तीन अक्षरी शब्द ‘घर’ या दोन अक्षरी शब्दाच्या आधी येतो, त्याच न्यायानं.

उणे संख्यांचं तर आणखी वेगळं होतं. उणे चिन्हाचा क्रमांक ४५, म्हणजे सगळ्या अंकांच्या आधीचा. त्यामुळे उणे संख्या अधिक संख्यांच्या आधी येतात आणि सगळं ठीक वाटतं; पण त्यांच्या आपापसांत -१, -१०, -५ असा क्रम लागतो.

ही चूक इतकी टिकते, कारण सगळ्या अधिक पूर्णांकांची लांबी सारखी असेल तर उत्तर बरोबरच येतं. ३५ ते ९८ मधले गुण घेऊन चाचणी केली तर काहीही बिघडलेलं दिसत नाही. १९९५, २००८, २०२४ ही सालंही नीट लागतात. मग एखाद्या वर्षी कुणाला पैकीच्या पैकी गुण पडतात आणि तोच विद्यार्थी यादीत सगळ्यांत खाली जातो.

याचं एक फार बोलकं उदाहरण तारखांचं आहे. जावास्क्रिप्ट वेळ मोजतं ते १ जानेवारी १९७० पासूनच्या मिलिसेकंदांत. हा आकडा ९ सप्टेंबर २००१ रोजी बारा अंकांवरून तेरा अंकांवर गेला. त्यानंतरच्या वेळा या आकड्यांच्या रूपात कितीही `sort` केल्या तरी क्रम बरोबर लागतो, कारण सगळे आकडे तेरा अंकी. पण यादी जन्मतारखांची असली की गोष्ट बदलते. १ जानेवारी २००० चा आकडा 946684800000, तर १ जानेवारी २००५ चा 1104537600000. पहिला `9` नं सुरू होतो, दुसरा `1` नं. परिणामी २००५ साली जन्मलेली मुलगी २००० साली जन्मलेल्या भावाची थोरली बहीण ठरते.

भाषेला संख्यांची तुलना येत नाही असं मुळीच नाही. `10 < 9` विचारलं तर ती ‘खोटं’ असंच उत्तर देते. मग `sort` असं का? ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ही भाषा तयार केली आणि १९९६ च्या नेटस्केप नॅव्हिगेटर ३ बरोबर `sort` आलं. या भाषेतल्या यादीत संख्या, नावं, तारखा असं काहीही एकत्र ठेवता येतं. जवळपास सगळ्याचा मजकूर होऊ शकतो, सगळ्याची संख्या होऊ शकत नाही. कुठल्याही यादीवर चालेल असा एकच नियम हवा, तर मजकूर हाच सोयीचा. पायथननं दुसरा मार्ग धरला: तिथे संख्या संख्यांसारख्या लागतात, आणि यादीत संख्या व मजकूर मिसळले तर प्रोग्राम चूक दाखवून थांबतो. मला पायथनचा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो. पण जावास्क्रिप्टचा नियम आता बदलणं कठीण आहे. जुन्या क्रमावर विसंबलेली असंख्य पानं त्यानं मोडतील.

उपाय एका ओळीचा आहे:

```
gun.sort((a, b) => a - b);
// [7, 9, 12, 45, 100]
```

कंसातलं छोटं फंक्शन दोन आकडे घेऊन वजाबाकी करतं. उत्तर उणे आलं तर `a` आधी, अधिक आलं तर `b` आधी, शून्य आलं तर दोघं जिथल्या तिथे. उतरता क्रम हवा असेल तर `b - a`.

इथे वजाबाकीऐवजी `a > b` लिहिण्याचा मोह पुष्कळांना होतो. त्याचं उत्तर फक्त खरं किंवा खोटं, म्हणजे १ किंवा ०. उणे कधीच नाही. क्रोम ब्राउझरमध्ये दहापर्यंत घटकांच्या यादीला हे पूर्वी चालून जायचं. २०१८ मध्ये क्रोमच्या ७० व्या आवृत्तीनं क्रम लावण्याची आतली पद्धत बदलली आणि असं लिहिलेल्या पानांवरचा क्रम एकाएकी चुकू लागला.

मराठी पानं बनवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहायला हवी. फॉर्ममधून आलेला आकडा मजकूर म्हणूनच येतो. `10` आणि `9` असे इंग्रजी अंक असतील तर वजाबाकी करताना त्यांची आपोआप संख्या होते. मात्र वापरणाऱ्यानं देवनागरीत ‘१०’ आणि ‘९’ टाईप केलं, तर जावास्क्रिप्ट त्यांना संख्या मानत नाही. वजाबाकीचं उत्तर `NaN`, म्हणजे ‘संख्या नाही’ असं येतं, `sort` त्याला शून्य समजतं आणि यादी टाईप केली होती त्याच क्रमात राहते. देवनागरी अंक स्वीकारणाऱ्या फॉर्ममध्ये त्यांचं रूपांतर आधी करून घ्यावं लागतं.

तुमच्या हाताखाली जावास्क्रिप्टचं कुठलंही पान असेल, तर त्यात रिकाम्या कंसाचं `sort()` शोधा आणि त्या यादीत ९, १०, १००, -५ आणि -१० हे पाच आकडे घालून पाहा. सुरुवात -१० नं होऊन शेवटी १०० आले नाहीत, तर ते पान आजच दुरुस्त करा.