गर्डरच्या मधोमध 1 टनाची मूर्ती टांगली, तर जोड कुठे नको? उत्तर दोन आकृत्यांत आहे

रायगड जिल्ह्यातल्या पेण तालुक्यात हमरापूर नावाचं गाव आहे. गणपतीच्या मूर्तींसाठी पेण जेवढं प्रसिद्ध, तेवढंच मूर्तिकारांच्या जगात हमरापूर आणि शेजारचं जोहे. इथल्या कारखान्यांत घरगुती मूर्ती हजारोंनी तयार होतात, त्या हाताने उचलता येतात. प्रश्न येतो तो मंडळाच्या मोठ्या मूर्तीचा. ती उचलून टेम्पोत ठेवायची तर सोपा उपाय म्हणजे शेडच्या दोन भिंतींवर आडवा लोखंडी गर्डर टाकायचा आणि त्याच्या मधोमध चेन पुली लटकवायची.

आता समजा, शेडची रुंदी 6 मीटर आहे, पण हाताशी 6 मीटरचा अखंड गर्डर नाही. दोन तुकडे वेल्डिंग करून जोडायचे आहेत. मग 3-3 मीटरचे दोन तुकडे घ्यायचे, की एक 5 मीटरचा आणि एक 1 मीटरचा? दिसायला पहिला पर्याय नीटनेटका वाटतो. पण तोच सगळ्यात धोक्याचा आहे. का, ते इंजिनिअरिंगच्या पोरांना पहिल्या-दुसऱ्या वर्षात काढाव्या लागणाऱ्या दोन आकृत्या सांगतात. एक शिअर फोर्सची, दुसरी बेंडिंग मोमेंटची.

आधी गर्डर कसा टेकलाय ते बघा

गर्डरची दोन्ही टोकं भिंतीवर नुसती टेकवलेली आहेत, काँक्रीटमध्ये घट्ट गाडलेली नाहीत. अशा बीमला 'सिंपली सपोर्टेड' म्हणजे साधा टेकलेला बीम म्हणतात. भिंत त्याला खालून वर रेटते, पण टोकाला किंचित वळायला अडवत नाही.

मूर्ती, तिच्याखालचा पाट आणि चेन पुली मिळून वजन 1 टन धरा. 1 टन वजनाचं बल साधारण 9.81 किलोन्यूटन होतं, हिशेब सोपा राहावा म्हणून 10 किलोन्यूटन घ्या. गर्डरचं स्वतःचं वजन सध्या बाजूला ठेवा.

दोन माणसं बांबूच्या टोकांना खांदा देऊन मधोमध बांधलेला हंडा नेतात, तेव्हा दोघांच्या खांद्यावर अर्धं अर्धं वजन येतं. इथेही तेच. भार बरोबर मध्ये आहे, त्यामुळे डावी भिंत 5 किलोन्यूटन वर रेटते आणि उजवी भिंतही 5 किलोन्यूटन. भिंतीच्या या उलट रेट्याला रिअॅक्शन म्हणतात. दोन्हींची बेरीज 10 आली, म्हणजे पहिली पायरी बरोबर.

पहिली आकृती: शिअर फोर्स

आता मनातल्या मनात गर्डर कुठेतरी उभा कापा. डाव्या भिंतीपासून 1 मीटरवर कापला असं समजा. डावीकडच्या तुकड्यावर बाहेरून एकच बल आहे, भिंतीचा 5 किलोन्यूटनचा वरचा रेटा. हा तुकडा वर सरकू नये म्हणून उरलेल्या गर्डरने त्याला कापलेल्या जागी 5 किलोन्यूटनने खाली धरून ठेवायला हवं. शेजारशेजारच्या दोन भागांना एकमेकांवरून वर-खाली सरकवू पाहणारं हे बल म्हणजेच शिअर फोर्स.

2 मीटरवर कापलं तर? डावीकडे बल तेच, 5. अगदी 2.99 मीटरवर कापलं तरी 5 च. मधे दुसरा भारच नाही, तर आकडा बदलणार कसा?

मध्य ओलांडला की मात्र चित्र पालटतं. आता डावीकडच्या तुकड्यात 10 किलोन्यूटनचा खाली ओढणारा भारही आला. 5 वजा 10, म्हणजे उणे 5. तिथून उजव्या भिंतीपर्यंत तो उणे 5 च राहतो. शेवटी उजव्या भिंतीचा 5 चा रेटा मिळवला की हिशेब शून्यावर बंद होतो.

कागदावर काढताना 6 सेंटिमीटरची आडवी रेघ मारा, म्हणजे 1 सेंटिमीटरला 1 मीटर. उभ्या दिशेत 1 सेंटिमीटरला 2.5 किलोन्यूटन धरा. डाव्या टोकाला 2 सेंटिमीटर वर जा, मध्यापर्यंत सरळ आडवी रेघ ओढा, मध्यावर सरळ खाली 4 सेंटिमीटर उतरा, पुन्हा आडवी रेघ ओढून उजव्या टोकाला 2 सेंटिमीटर वर चढा. दोन आयत तयार झाले, एक रेघेच्या वर आणि एक खाली. वरच्यात अधिक, खालच्यात उणे असं चिन्ह टाका. झाली पहिली आकृती.

दुसरी आकृती: बेंडिंग मोमेंट

शिअर सरकवतो, मोमेंट वाकवतो. मोमेंट काढायचा म्हणजे बलाला त्याच्या अंतराने गुणायचं. पाना जितका लांब, तितका नट सहज फिरतो, तशी ही गोष्ट आहे.

डाव्या भिंतीवर अंतर शून्य, म्हणून मोमेंटही शून्य. 1 मीटरवर 5 गुणिले 1, म्हणजे 5 किलोन्यूटन-मीटर. 2 मीटरवर 10. मध्यावर 5 गुणिले 3, म्हणजे 15. त्यापुढे भार उलट दिशेने काम करायला लागतो. 4 मीटरवर 5 गुणिले 4 वजा 10 गुणिले 1, म्हणजे 10. 5 मीटरवर 5 आणि उजव्या भिंतीवर पुन्हा शून्य.

उभ्या दिशेत 1 सेंटिमीटरला 5 किलोन्यूटन-मीटर धरलं तर मध्यावर 3 सेंटिमीटर उंची येते. ते टोक दोन्ही टोकांना सरळ रेघांनी जोडा. त्रिकोण झाला, हीच दुसरी आकृती. गर्डर मध्ये खाली झुकतो, त्याचा खालचा भाग ताणला जातो आणि वरचा दाबला जातो, अशा वाकण्याला बहुतेक पुस्तकं अधिक चिन्ह देतात.

परीक्षेत पाठ असलेलं सूत्र इथूनच येतं. निम्मा भार गुणिले निम्मी लांबी, म्हणजे `M = WL/4`. आपल्या गर्डरसाठी 10 गुणिले 6 भागिले 4, उत्तर 15.

आकृती चुकली हे कसं ओळखायचं?

पहिल्या आकृतीचं क्षेत्रफळ दुसऱ्या आकृतीची उंची सांगतं. डावा आयत 5 गुणिले 3, म्हणजे 15. मध्यावरचा मोमेंटही 15. उजवा आयत उणे 15, म्हणून शेवटी मोमेंट शून्य. हे जुळलं नाही तर कुठेतरी गडबड आहे.

सर्रास होणारी चूक म्हणजे शिअरच्या आकृतीत तिरपी रेघ आणि मोमेंटच्या आकृतीत गोलाकार कमान काढणं. हे आकार पूर्ण लांबीवर सारख्या पसरलेल्या भाराचे आहेत, उदाहरणार्थ गर्डरच्या स्वतःच्या वजनाचे. एका जागी टांगलेल्या भाराला आयत आणि त्रिकोणच येतात. दुसरी चूक म्हणजे टेकलेल्या टोकाला मोमेंट दाखवणं. टोक मोकळेपणाने वळू शकतं, तर तिथे वाकवणारा जोर साठणार कुठून?

आता जोडाकडे या

जोड मधोमध दिला, तर त्या वेल्डिंगला 15 किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट पेलावा लागेल. तोच जोड भिंतीपासून 1 मीटरवर दिला, तर फक्त 5. भार तोच, गर्डर तोच, आणि वेल्डिंगवरचा वाकवणारा जोर एक तृतीयांश. म्हणून 5 आणि 1 मीटरचा बेढब दिसणारा पर्याय चांगला.

पण शिअरची आकृती इथे एक इशारा देते. शिअर सगळीकडे 5 च आहे. जोड टोकाजवळ नेला म्हणून त्यातून सुटका होत नाही. 'आय' आकाराच्या गर्डरमध्ये वरची आणि खालची आडवी पट्टी मुख्यतः मोमेंट पेलते, मधली उभी पट्टी मुख्यतः शिअर पेलते. त्यामुळे जोड कुठेही असो, फक्त वर-खाली वेल्डिंग मारून उभी पट्टी तशीच सोडली, तर तो जोड अर्धवटच आहे.

ही आकृती कधी लागू होत नाही?

पहिली गोष्ट, चेन पुलीऐवजी साधी कप्पी आणि दोर वापरला तर. एका बाजूला 1 टनाची मूर्ती, दुसऱ्या बाजूला दोर खाली ओढणारी माणसं. मूर्ती तोलून धरायला त्यांनाही तेवढाच जोर लावावा लागतो, म्हणून कप्पीवर आणि पर्यायाने गर्डरवर जवळपास 2 टन येतात. मधला मोमेंट 15 वरून 30. चेन पुलीत आतल्या दात्यांमुळे हाताचा जोर अगदी कमी लागतो, म्हणून तिथे हा दुप्पट भार येत नाही.

दुसरी गोष्ट, पुली चाकांवर बसवून गर्डरवरून सरकवली तर. मूर्ती बरोबर 1 मीटरवरच्या जोडाखाली आली की त्या जोडावरचा मोमेंट 5 ऐवजी 8.3 होतो, आणि जवळच्या भिंतीवरचा रेटाही 5 ऐवजी 8.3.

तिसरी गोष्ट, दोन्ही टोकं काँक्रीटमध्ये पक्की गाडली तर. मग टोकांना वळता येत नाही. मधला मोमेंट निम्मा, म्हणजे 7.5 होतो, पण तेवढाच मोमेंट दोन्ही टोकांवरही येतो आणि तिथे ताण वरच्या बाजूला असतो. अशा गर्डरला 'टोकाजवळ जोड द्या' हा सल्ला उलटा पडू शकतो.

शिवाय या आकृत्या गर्डरवर किती जोर येतो एवढंच सांगतात. तो पेलायला किती जाडीचा गर्डर लागेल, तो बाजूला मुरडेल का, भिंत टोकाखाली चिरडेल का, मूर्ती झटक्यात उचलली तर काय, हे हिशेब त्यानंतर येतात आणि ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्यायचे असतात. पण त्याच्याकडे जाताना कारखानदाराने तीन गोष्टी मोजून न्यायच्या: दोन भिंतींमधलं अंतर, उचलायचं एकूण वजन आणि टोकं टेकवलीत की गाडलीत. इंजिनिअर सगळ्यात आधी या दोन आकृत्याच काढणार, आणि त्यासाठी हीच माहिती लागते.