तेल सुटतं तेव्हा नेमकं काय होतं?

हॉटेल मॅनेजमेंटच्या थिअरीच्या पेपरात भारतीय स्वयंपाकावर एक प्रश्न नेहमीचा असतो : बघार, भुनाव आणि दम यांवर टिपा लिहा. उत्तरंही ठरलेली असतात. बघार म्हणजे गरम तेलात मसाले तडतडवणं, भुनाव म्हणजे तेल सुटेपर्यंत मसाला परतणं, दम म्हणजे कणकेनं तोंड बंद केलेल्या हंडीत मंद आचेवर शिजवणं. यात चूक काही नाही आणि गुणही मिळतात. पण तेल मुळात का सुटतं आणि ते सुटेपर्यंत थांबायचं कशासाठी, हे या उत्तरांतून कळत नाही. माझं मत असं की तिघांपैकी भुनाव नीट समजला, की बाकीचे दोन समजायला वेळ लागत नाही. कारण तिन्ही ठिकाणी स्वयंपाक्यापुढे प्रश्न एकच असतो : भांड्यातल्या पाण्याचं काय करायचं?

अर्धा किलो मटणाचं भुना मटण घेऊ. त्याला 400 ग्रॅम कांदा, 200 ग्रॅम टोमॅटो, आलं-लसणाचं वाटण आणि पाच-सहा मोठे चमचे तेल. कांद्यात वजनाच्या जवळजवळ नऊ दशांश पाणी असतं, टोमॅटोत त्याहूनही जास्त. म्हणजे आपण वरून थेंबभर पाणी घातलं नाही, तरी कढईत अर्ध्या लिटरहून अधिक पाणी आलेलंच असतं. हे पाणी आहे तोवर मसाल्याचं तापमान 100 अंशांच्या फारसं वर चढत नाही, मग आच कितीही वाढवा. आणि मसाल्याला तो तांबूस रंग, तो खमंग वास ज्या क्रियेनं येतो, ती तर 140 अंशांच्या आसपास जोर धरते. प्रथिनं आणि साखर यांच्यातल्या या क्रियेचं वर्णन लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1912 मध्ये केलं. तेव्हा भुनावाचं खरं काम पाणी घालवण्याचं आहे. परतणं हे त्याचं साधन.

पाणी लवकर जात नाही. बर्फाइतकं गार पाणी उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून अधिक उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते. घरच्या शेगडीवर कढईपर्यंत जेवढी उष्णता खरोखर पोचते तिचा हिशेब केला, तर अर्धा लिटर पाणी उडायला वीसेक मिनिटं लागतात. म्हणून ‘मसाला पाच मिनिटं परतावा’ असं जिथे लिहिलेलं असतं, तिथे एवढ्या मसाल्याला ते पुरेसं नाही, हे ओळखावं. कढई पसरट आणि जाड बुडाची हवी, झाकण नको.

आता क्रम पाहू. कांदा चिरून तेलात पडला की आधी चुर्र आवाज येतो, मग तो मऊ पडतो आणि कढईत पाणी दिसू लागतं. चिमूटभर मीठ घातलं तर हे पाणी लवकर बाहेर येतं. ते आटलं की कांद्याच्या कडा तांबूस होतात. मग आलं-लसूण, त्याचा कच्चा वास जाईपर्यंत. तिखट, हळद, धणेपूड या कोरड्या पुडी चमचाभर पाण्यात कालवून घालाव्यात, कारण कोरडं तिखट तापल्या तेलात काही सेकंदांत काळं पडतं. मग टोमॅटो. इथपासून कान उघडे ठेवायचे. सुरुवातीला मोठे, पाणचट बुडबुडे येतात आणि मसाला उडतो. हळूहळू बुडबुडे बारीक होतात, आवाज उतरतो, मसाला गोळा होऊन कढईच्या कडा सोडतो आणि बाजूनं तेल दिसू लागतं.

हे तेल आतापर्यंत कुठे होतं? मसाल्यातच, बारीक थेंबांच्या रूपात. कांद्या-टोमॅटोतलं पाणी, त्यांचा चोथा आणि त्यांतलं पेक्टिन हे थेंब एकमेकांपासून दूर धरून ठेवतात. पाणी कमी झालं की ही पकड सुटते, थेंब एकमेकांना मिळतात आणि तेल वेगळं होतं. तेल सुटणं ही पाणी संपत आल्याची खूण आहे, आणि तिचा खरा अर्थ इथून पुढे तापमान चढणार, असा आहे.

ही खूण फसवतेही. तेल फार घातलं असेल तर ते पहिल्यापासूनच वर तरंगतं आणि मसाला कच्चाच राहतो. फार कमी घातलं तर ते सुटलेलं दिसतच नाही आणि आपण वाट पाहत असताना मसाला करपतो. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं किंवा काजूचं वाटण असेल तर त्याचं स्वतःचं तेल निघतं. आपल्याकडच्या रश्श्यावर येणाऱ्या तर्रीत ते मिसळलेलं असतं. अशा वेळी डोळ्यांपेक्षा नाकावर आणि आवाजावर भरवसा ठेवावा.

मसाला बुडाला धरू लागला की मुरलेले खानसामे पाण्याचा हबका मारतात. त्यानं बुडाचा तांबूस थर सुटून मसाल्यात मिसळतो, तापमान खाली येतं आणि मग पुन्हा परतायचं. प्रत्येक फेरीला रंग आणि चव वाढत जाते. थर काळा झाला आणि कडवट वास आला, तर मात्र हबका मारू नये. तो कडूपणा सगळ्या मसाल्यात उतरतो आणि मग काहीच उपाय उरत नाही. असा मसाला टाकून द्यावा.

मटण मात्र भुनून मऊ होत नाही. त्यातल्या चिवट कोलॅजनचं जिलेटिन व्हायला ओलावा आणि भरपूर वेळ लागतो. म्हणून मटण मसाल्यात परतलं की गरम पाणी घालून झाकण ठेवावं लागतं. इथे दमाची वाट सुरू होते, आणि ती बरोबर उलटी आहे. भुनावात पाणी घालवायचं, दमात ते राखायचं.

कणकेनं बंद केलेली हंडी म्हणजे प्रेशर कुकर नव्हे. वाफ थोडीथोडी निसटत राहते आणि आतलं तापमान 100 अंशांच्या आसपासच राहतं. हंडीत अडकून राहतात ते वास : केवडा, पुदिना, केशर, वेलदोडा. पण एवढ्या तापमानाला आत काहीही तांबूस होत नाही. म्हणूनच कच्च्या बिर्याणीत तळलेला कांदा आधी करून घालावा लागतो. दम तो कधीच करून देणार नाही. या बिर्याणीत वाफ मटणाच्या आणि दह्याच्या पाण्याचीच व्हायची असते. ते जास्त झालं तर खालचा भात गिचका होतो, कमी पडलं तर बूड लागतं. हंडीखाली जाड तवा ठेवतात तो यासाठीच. आपल्या घरांत भाजीवर ताट ठेवून त्यात पाणी ओततात, तेही याच जातीचं : गार ताटाला लागून वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ते भाजीत ठिबकतं.

आता उरला बघार, म्हणजे आपली फोडणी. तिच्यात पाणी जवळजवळ नसतंच. त्यामुळे तेल 100 अंशांच्या खूप वर जातं, मोहरीच्या दाण्यातल्या ओलाव्याची एकदम वाफ होते आणि दाणा फुटतो. मोहरी तडतडली म्हणजे तेल तयार आहे. मग जिरं, हिंग, कढीपत्ता आणि शेवटी हळद, कारण पूड लगेच जळते. हळदीचा आणि मिरचीचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. म्हणून वरणावर वरून ओतलेली फोडणी रंगासह वर तरंगते आणि तिचा वास पहिल्या घासाआधीच येतो. सुरुवातीला दिलेल्या फोडणीतला बराच वास शिजताना वाफेबरोबर निघून जातो.

या तिघांपैकी दम भांडं आणि वजन-मापं सांभाळली की बराचसा जमतो आणि फोडणी दोन मिनिटांत उरकते. भुनावाला मात्र सलग अर्धा तास कढईपाशी उभं राहावं लागतं. मसाला आधी करून ठेवता येतो, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस चांगला टिकतो. पण करायच्या वेळी घाईनं आच वाढवू नका : वरचं पाणी जायच्या आत खालचा थर करपतो.