फाटलेलं सील आणि अर्ध्या पानाची तक्रार

भाच्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. "मामा, हे वाच जरा. पाठवू का?"

अकरा ओळी होत्या. ‘तुम्ही फसवता’, ‘डुप्लिकेट माल’, ‘कोर्टात खेचीन’. ऑर्डर क्रमांक मात्र कुठेच नव्हता. जिमसाठी त्याने २५० ग्रॅम क्रिएटिन मागवलं होतं. झाकणाभोवतीचं प्लॅस्टिक शाबूत, पण झाकण उघडल्यावर आतलं चंदेरी सील फाटलेलं निघालं.

‘डुप्लिकेट’ हा शब्द मी आधी काढायला लावला. क्रिएटिन म्हणजे पांढरी, जवळपास बेचव पूड. त्यात दुसरी एखादी पांढरी पूड मिसळली तर जीभ किंवा डोळा ते सांगू शकत नाही. गुठळ्या झाल्या असल्या तर दमट हवा लागली एवढंच कळतं. घरबसल्या सिद्ध न होणारा आरोप केला की विक्रेता तेवढाच धरून बसतो, ‘आमचा माल अस्सल आहे’ असं छापील उत्तर पाठवतो आणि सीलचा मुद्दा बाजूला पडतो. सील फाटलंय हे मात्र फोटोत दिसतं. तक्रार तेवढ्यावरच उभी करायची.

मग आम्ही डबा खिडकीपाशी नेला. हे सील म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो. त्याच्या खालच्या बाजूला प्लॅस्टिकचा थर असतो. कारखान्यात झाकण लावलेला डबा विद्युतचुंबकीय यंत्राखालून जातो, पत्रा तापतो, थर वितळतो आणि डब्याच्या तोंडाला चिकटतो. म्हणून पाहायचा तो काठ. काठ गुळगुळीत असेल आणि सील सुटं पडलेलं असेल, तर ते बहुधा नीट चिकटलंच नव्हतं. काठावर पत्र्याचं कडं उरलं असेल, तर ते चिकटलं होतं आणि नंतर फाटलं. आमच्या डब्यावर निम्म्या काठाला कडं होतं, उरलेला पत्रा आत दुमडलेला होता आणि झाकणाच्या आट्यांत पूड अडकली होती. कोणी फाडलं, की वाहतुकीत दाबाने फाटलं, हे आम्हाला कळणं शक्य नव्हतं. ते शोधणं आमचं कामही नाही.

चमचा आत घातला नाही. झाकण लावून डबा पिशवीत ठेवला, खोका आणि बिलही जपलं. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ भाच्याने काढला नव्हता. काढला असता तर बरं झालं असतं, पण नाही तर नाही. नसलेलं लपवायला गेलं की उरलेल्या फोटोंवरही शंका येते.

शेवटी पत्र असं झालं:

"ऑर्डर क्रमांक अमुक, मिळाल्याची तारीख अमुक, बॅच क्रमांक अमुक. बाहेरचं प्लॅस्टिक शाबूत होतं. झाकण उघडल्यावर आतलं सील अर्धं फाटलेलं आढळलं. काठावर त्याचे अवशेष आहेत, आट्यांत पूड आहे. पूड वापरलेली नाही. खोका, लेबल, बॅच क्रमांक, झाकण आणि सील यांचे पाच फोटो जोडले आहेत. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नाही. बदली डबा नको, पूर्ण पैसे परत हवेत. डबा तुमच्या खर्चाने घेऊन जावा आणि पुन्हा विक्रीस ठेवू नये."

बदली डबा का नको? त्याच विक्रेत्याकडून त्याच बॅचचा डबा आला तर शंका तशीच राहते. आणि ‘योग्य ती कारवाई करावी’ असं लिहिलं की समोरचा त्याला सोयीची कारवाई करतो.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: आरोग्यविषयक वस्तू, परत घेतली जात नाही. मन बदललं म्हणून परत करायचं असेल तर हे ठीक आहे. पण ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष असेल तर तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. वेबसाइटला तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकालात काढायची. तेच पत्र, वर ही दोन वाक्यं जोडून, आम्ही त्या अधिकाऱ्याला पाठवलं. तिथेही दाद लागली नसती तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर हेच कागद कामी आले असते.

पैसे मंजूर झाले, आणि डबा न्यायला पोरगा आला. त्याच्या मोबाइलवर प्रश्न होता: सील शाबूत आहे का? "नाही," भाचा म्हणाला, "म्हणून तर परत करतोय." पोरगा म्हणाला, "मग दादा, मला घेता येत नाही," आणि निघून गेला.

भाच्याने त्या रद्द झालेल्या फेरीचा स्क्रीनशॉट काढला आणि त्याच तक्रारीला सहावा पुरावा म्हणून जोडला. यावेळी मला न विचारताच.