दडलेली उष्णता आणि कोरडा फुगा

वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांसाठी तयार होत असलेल्या एका मराठी पुस्तिकेची भाषा तपासण्याचे काम मध्यंतरी आमच्याकडे आले. विषय आमचा नव्हे. म्हणून गोव्यात हाच व्यवसाय करणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास शेजारी बसवून आम्ही ती वाचली. अशा भाषांतरात शब्द शुद्ध आहे की नाही एवढेच पाहून भागत नाही. तो ऐकून कारागिराचा हात कोठे जातो, हेही पाहावे लागते, असे त्या वाचनात आम्हांस कळून आले.

'ड्राय बल्ब टेंपरेचर' यासाठी पुस्तिकेत 'कोरडे तापमान' असा शब्द होता. तो सुटसुटीत आहे, पण फसवा आहे. कोरडी असते ती हवा नव्हे, तर तापमापकाचा फुगा. भर पावसातल्या दमट हवेचेही तापमान याच फुग्याने मोजतात. दुसऱ्या तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून त्यावर वारा घालतात. फडक्यातील पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते व पारा खाली उतरतो. गोव्यात जुलैत हे दोन आकडे 28 व 26 असे जवळजवळ असतात. इंदुरास मे महिन्यात ते 40 व 22 इतके दूर जाऊ शकतात. अंतर जितके मोठे, तितकी हवा कोरडी. म्हणून 'कोरड्या फुग्याचे तापमान' व 'ओल्या फुग्याचे तापमान' हे काहीसे लांब शब्दच आम्ही ठेवले. त्यांत मोजण्याची रीत सांगितलेली आहे.

'लेटंट हीट' या शब्दाशी आमचे भांडण अधिक चालले. शाळेत आम्ही 'सुप्त उष्णता' शिकवितो. आमच्या विद्यार्थ्याचे म्हणणे, सुप्त म्हणजे निजलेली, काही न करणारी. प्रत्यक्षात तर यंत्राला सर्वांत अधिक दमविते ती हीच. त्याने 'ओलाव्याची उष्णता' असे सुचविले. हवेतील वाफेचे पाणी होताना ती बाहेर पडते, तेथपर्यंत हे नाव चपखल बसते. परंतु बर्फ वितळताना तो जी उष्णता गिळतो, तीही याच जातीची. तिला ओलाव्याची कसे म्हणावे? अखेरीस 'दडलेली उष्णता' यावर एकमत झाले, कारण ती तापमापकाला दिसत नाही. तिची जोडीदार 'जाणवणारी उष्णता'. ती कोरड्या फुग्याला दिसते.

बर्फाचा हा दाखला 'टनेज'साठी लागलीच उपयोगी पडला. पुस्तिकेतील 'टनभार' या शब्दावरून कोणासही ते यंत्राचे वजन वाटावे. वास्तविक शून्य अंशावरचा एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे 907 किलो, बर्फ चोवीस तासांत वितळविण्यास जितकी उष्णता लागते, तितकी उष्णता त्याच वेगाने खोलीतून बाहेर काढणे म्हणजे एक टन. हे माप वेगाचे आहे, वजनाचे नव्हे. आजच्या मापात ते सुमारे साडेतीन किलोवॅट भरते, आणि तेही विजेच्या खपाचे नव्हे. 'टन' हा शब्द आम्ही तसाच ठेवला आणि 'टनेज'ला 'थंडाव्याची क्षमता' म्हटले.

या शब्दांची कसोटी एका तक्रारीवर लागली. पावसाळ्यात एका वाचनालयातील दीड टनाचे यंत्र खोली गार करीत नव्हते. आधी आलेल्या कारागिराने कोरड्या फुग्याचा आकडा तेवढा पाहिला आणि गॅस कमी आहे असे ठरविले. आमच्या विद्यार्थ्याने निचऱ्याच्या नळीखाली भांडे धरले. दहा मिनिटांत अर्धा लिटर पाणी जमले, म्हणजे तासाला तीन लिटर. पाच लिटर पाणी तासाला निथळत असेल तर त्यात जवळजवळ एक टन खर्ची पडतो, हा हिशेब त्याला पाठ होता. म्हणजे येथे दीड टनापैकी सुमारे सहा दशांश टन दडलेली उष्णता काढण्यातच जात होता. हवा गार करावयास उरला होता नऊ दशांश टन. यंत्र आपले काम करीत होते. मागील बाजूची झडप उघडी राहून बाहेरची दमट हवा सारखी आत येत होती. ती बंद केल्यावर पाणी कमी झाले व खोली गार झाली. त्याऐवजी वर गॅस भरला असता, तर दाब वाढून कॉम्प्रेसरवर ताण मात्र आला असता.

अर्थात भांड्यातील पाणी हा शेवटचा निवाडा नव्हे. गॅसची शंका राहिलीच तर दाब व विजेचा प्रवाह मोजावाच लागतो. आणि इंदुरास मे महिन्यात नळी जवळजवळ कोरडी राहिली, तर त्यात यंत्राचा दोष नसतो. पण भांडे नळीखाली धरावे, हे सुचण्यासाठी उष्णता कोठेतरी दडून बसली आहे हे आधी ठाऊक असावे लागते. 'सुप्त' हा शब्द आमच्या वर्गात पुढेही राहील. त्या पुस्तिकेत मात्र आम्ही तो खोडला आहे.