डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा

११ जानेवारी १९७१. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या डोव्हरच्या सामुद्रधुनीत ‘टेक्साको कॅरिबियन’ हे तेलवाहू जहाज आणि ‘पाराकास’ हे पेरूचं मालवाहू जहाज यांची टक्कर झाली, स्फोट झाला आणि तेलवाहू जहाज बुडालं. दुसऱ्याच दिवशी ‘ब्रांडेनबुर्ग’ हे जर्मन जहाज त्याच्या सांगाड्यावर आपटून बुडालं. मग त्या जागेभोवती दीपनौका आणि दिव्यांचे बोये उभे केले गेले. तरीही फेब्रुवारीच्या अखेरीस ‘निकी’ हे ग्रीक जहाज तिथेच घुसलं आणि त्यावरचं कोणीही वाचलं नाही. सात आठवड्यांत, एकाच जागी, सुमारे पन्नास जीव गेले.

खुणा होत्या, पण त्यांची भाषा एक नव्हती. तेव्हा जगात तीसहून अधिक बोया-पद्धती चालू होत्या. एका किनाऱ्यावर लाल रंगाचा जो अर्थ, त्याच्या उलट अर्थ दुसरीकडे असे. या दुर्घटनांनंतर ‘इआला’ या दीपगृहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने कामाला गती दिली आणि १९८० साली तोक्योच्या परिषदेत आजची पद्धत ठरली. मुंबई, रत्नागिरी किंवा मुरगावच्या बंदराबाहेर डुलणारे बोये याच पद्धतीचे आहेत.

त्यातले पहिले ‘लॅटरल’, म्हणजे वाटेच्या दोन कडा दाखवणारे. खोल पाण्याची वाट पाण्यावरून दिसत नाही. दोन्हीकडे सारखंच पाणी, पण एकीकडे पंधरा मीटर खोल आणि दुसरीकडे चिखल कमरेएवढ्या पाण्याखाली. म्हणून वाटेच्या कडेने बोये नांगरून ठेवतात. समुद्राकडून बंदरात शिरताना लाल बोये डाव्या हाताला आणि हिरवे उजव्या हाताला ठेवायचे; बाहेर पडताना उलट. नैर्ऋत्येकडून मुंबई बंदरात येणाऱ्या जहाजाला म्हणूनच शहराच्या बाजूला लाल रांग आणि मांडवा-उरणच्या बाजूला हिरवी रांग दिसते.

संध्याकाळी सूर्य समोर असला की लाल काय आणि हिरवा काय, सगळे बोये काळेच दिसतात. अशा वेळी आकार कामाला येतो. लाल बोया किंवा त्याच्या डोक्यावरची खूण डब्यासारखी, वरून सपाट असते. हिरव्याची शंकूसारखी, टोक वर. रात्री लाल बोयावर लाल आणि हिरव्यावर हिरवा दिवा लुकलुकतो. बोयांचे क्रमांक साधारणपणे समुद्राकडून बंदराकडे वाढत जातात, लाल बोयांवर सम आणि हिरव्यांवर विषम. आकडा वाढत असेल, तर आपण आत चाललो आहोत.

एक अपवाद मात्र जहाजावर नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असावा लागतो. उत्तर आणि दक्षिण अमेरिका, जपान, कोरिया आणि फिलिपाइन्स इथे रंग उलटे आहेत: आत शिरताना लाल उजवीकडे, हिरवा डावीकडे. तोक्योत जगाला एका रंगावर आणणं जमलं नाही. दोन विभाग करून बाकी सगळं सारखं ठेवण्यात आलं. आकार मात्र दोन्हीकडे तेच: डावीकडे डबा, उजवीकडे शंकू.

लॅटरल बोया समजायला आपण आत चाललो आहोत की बाहेर, हे माहीत असावं लागतं. पण मोकळ्या समुद्रात एखादा खडक किंवा वाळूचा दांडा असेल, तर तिथे आत आणि बाहेर कुठलं? त्यासाठी दुसरा प्रकार आहे, ‘कार्डिनल’, म्हणजे दिशादर्शक बोया. तो पिवळा-काळा असतो आणि होकायंत्राने वाचायचा असतो. सुरक्षित पाणी आपल्या कोणत्या दिशेला आहे, एवढंच तो सांगतो. उत्तर बोया दिसला तर त्याच्या उत्तरेकडून जायचं, कारण धोका त्याच्या दक्षिणेला आहे.

चार बोये ओळखायची गुरुकिल्ली त्यांच्या डोक्यावरच्या दोन काळ्या शंकूंमध्ये आहे. उत्तर बोयाचे दोन्ही शंकू वर टोक करून असतात, दक्षिणेचे खाली. पूर्वेच्या शंकूंची टोकं एकमेकांपासून दूर, एक वर आणि एक खाली. पश्चिमेची टोकाला टोक भिडवून. आता रंग पाठ करायची गरज नाही. टोकं जिकडे, काळा रंग तिकडे. उत्तर बोया वर काळा, दक्षिण खाली काळा, पूर्व वर-खाली काळा आणि मध्ये पिवळा, पश्चिम मध्ये काळा.

रात्री यांचा दिवा पांढरा असतो आणि झटपट लुकलुकतो. इथे घड्याळ आठवायचं. पूर्वेला तीन वाजतात, म्हणून तीन झपके. दक्षिणेला सहा, म्हणून सहा झपके. पश्चिमेला नऊ. उत्तरेचा दिवा न थांबता लुकलुकत राहतो. हेलकाव्यांत एखादा झपका लाटेआड जाणारच. सहाचे नऊ किंवा नवाचे सहा होऊ नयेत म्हणून दक्षिणेच्या सहा झपक्यांनंतर एक लांब झपका दिलेला असतो.

आता कोकण किनाऱ्यावरचं एक बंदर कल्पा. मचवा पश्चिमेकडून येतोय, तोंड पूर्वेला, रात्र अंधारी. समोर पांढरा दिवा लुकलुकतो. तांडेल घड्याळ धरून मोजतो: नऊ झपके, मग अंधार, पहिल्या झपक्यापासून पंधरा सेकंदांनी पुन्हा नऊ. दोन-तीन वेळा मोजलं, नऊच. म्हणजे पश्चिम बोया, आणि खडक त्याच्या पूर्वेला, अगदी नाकासमोर. नकाशात वाट खडकाच्या दक्षिणेकडून दाखवली आहे, म्हणून तो सुकाणू उजवीकडे वळवतो. थोड्या वेळाने डावीकडे सहा झपके आणि एक लांब: दक्षिण बोया. त्याला डाव्या हाताला ठेवून मचवा पुढे सरकतो. मग दर दहा सेकंदांनी एकच लांब पांढरा झपका. हा लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा बोया, याच्या चहूकडे पाणी खोल आहे. त्याच्या पलीकडे लाल आणि हिरव्या दिव्यांची पहिली जोडी, आणि मचवा त्या दोघांच्या मधून आत.

बोया कधी दगाही देतो. तो तळाशी टाकलेल्या वजनाला साखळीने बांधलेला असतो, त्यामुळे भरती-ओहोटीबरोबर जागा बदलतो. पावसाळ्यात साखळी तुटून तो वाहूनही जातो, दिवा विझतो, डोक्यावरची खूण मोडते. किनाऱ्यावरच्या दुकानांच्या आणि सिग्नलच्या लाल-हिरव्या दिव्यांत बोयाचा दिवा हरवणं तर रोजचंच. म्हणून एकट्या बोयावर विसंबू नये. प्रत्येक दिव्याचा रंग, झपके आणि सेकंद मोजून नकाशाशी ताडावेत, दीपगृहाची दिशा होकायंत्रावर घ्यावी, पाण्याची खोली पाहावी. यातलं काही जुळत नसेल तर वेग उतरवावा, आलो त्या खोल पाण्यात परत जावं आणि बाहेर नांगर टाकून उजाडायची वाट पाहावी.