अठ्ठेचाळीस सेकंदांची लेखणी

सकाळी ७.१०
धायरीतल्या दोन खोल्यांच्या घरात लॅपटॉप ओट्याशेजारी ठेवलाय. गॅसवर डब्याची भाजी, पडद्यावर बावीस मिनिटांची शॉर्ट फिल्म. आवाज बंद आहे. टीझर लिहायच्या दिवशी ही टीझर-लेखिका फिल्म आधी मुकी पाहते. नुसत्या चित्रावरून काय कळतं, एवढंच तिला बघायचं असतं. शेजारी शंभर पानी वही. मधोमध एक उभी रेघ. डावीकडे ‘दाखवायचं’, उजवीकडे ‘नाही’.

फिल्म १९८२ च्या कोकणातली. १८ जानेवारीला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. कोकणातल्या वाड्या तेव्हा मनीऑर्डरीवर चालायच्या. फिल्ममधल्या गावात एकेका घराची मनीऑर्डर बंद होते. एका म्हातारीची मात्र दर महिन्याला येतच राहते. तिचा मुलगाही संपावरच आहे. मग पैसे कोण पाठवतं? फिल्म या प्रश्नाचं उत्तर देते. टीझरने ते द्यायचं नाही, आणि मीही इथे देणार नाही.

सकाळी ८.४०
बस. बसायला जागा मिळाली नाही. वही पिशवीत, पिशवी पोटाशी. टीझरचे नऊ हजार ठरलेत. चार हातात आलेत. लिहायचंही तिनेच आणि जोडायचंही तिनेच. एवढ्या पैशांत संकलक वेगळा परवडत नाही.

सकाळी ९.३०
सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावरची खोली. भाडं तिघांत वाटून. टेबलावर दोन पडदे, एक हार्ड डिस्क, कानाला लावायचे जाड हेडफोन. एका कानाची गादी फाटली होती, तिला काळी चिकटपट्टी लावलीय.

आता ती फिल्म आवाजासकट पाहते आणि ‘नाही’चा रकाना भरते. शेवटची चार मिनिटं सरसकट बाद. तो भाग सोपा. अवघड असतं ते आधीच्या अठरा मिनिटांत विखुरलेलं. शेवट ठाऊक असलेल्या दिग्दर्शकाला ते साधं चित्र वाटतं. नव्या माणसाला त्यातून वास लागतो. एक पात्र दुसऱ्याकडे जरा जास्त वेळ बघतं. कोणी भिंतीवरच्या फोटोकडे वळतं. अशा सात जागा तिने वेळेसकट लिहून काढल्या.

‘दाखवायचं’ या रकान्यात फार थोडं आहे. त्यातल्या एका दृश्याखाली तिने दोन रेघा ओढल्यात. म्हातारीला सही येत नाही. ती अंगठा उठवते. अंगठ्याला साक्षीदार लागतो. साक्षीदार म्हणून सही करते ती शेजारीण, जिची स्वतःची मनीऑर्डर चार महिने आलेली नाही. कोणी काही बोलत नाही. शाईचा डबा, अंगठा, मग शेजारणीचा हात आणि सावकाश काढलेली अक्षरं.

‘‘टीझर इथे आहे,’’ ती म्हणते. ‘‘बाकीचं सगळं इथपर्यंत यायला लागतं तेवढंच.’’

सकाळी ११.००
दिग्दर्शक आला. सव्वीस-सत्तावीसचा मुलगा. फिल्मसाठी त्याने बाइक विकलीय, कोथरूडहून चालत आलाय. त्याने स्वतः एक मसुदा लिहून आणलाय. त्यात निवेदन आहे: एक गाव, एक आई, एक रहस्य. शेवटी पाटी: ‘पैसे कोण पाठवतं?’

तिने मसुदा दोनदा नीट वाचला. मग पेन्सिलीने पाटी खोडली.

‘‘ताई, तोच तर प्रश्न आहे फिल्मचा.’’

‘‘म्हणूनच. तू लिहिलास तर तो तुझा प्रश्न झाला. बघणाऱ्याच्या तोंडून यायला हवा.’’

निवेदनही गेलं. कारण तिने सांगितलं ते हिशोबाचं आहे. मराठी बोलताना सेकंदाला दोन, फार तर अडीच शब्द नीट ऐकू येतात. अठ्ठेचाळीस सेकंदांत निवेदन घातलं की शंभर शब्द तेच खाऊन टाकतं. मग सायकल, शाई, दार यांचा आवाज कुठे बसवायचा?

मुलाने आणखी एक सुचवलं. फिल्ममध्ये कोयत्याला धार लावायचं दृश्य आहे. त्याखाली ढोल टाकले तर खूनबिन वाटेल, लोक थांबतील. यावर ती पहिल्यांदा जरा कडक बोलली. फिल्ममध्ये खून नाही. जे नाही त्याची आशा लावून माणसाला बसवलं, तर बावीस मिनिटं तो खुनाची वाट बघेल आणि म्हातारीकडे त्याचं लक्षच जाणार नाही. मला हे पटलं. शेवट लपवणं आणि खोटं बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टीझर लिहिणाऱ्या पुष्कळांना हा फरक महत्त्वाचा वाटत नाही, आणि त्याची किंमत फिल्मला मोजावी लागते.

खालून दोन चहा आले. पैसे मुलाने दिले.

दुपारी १२.१५
कागदावर संहिता उतरली. डावीकडे चित्र, उजवीकडे आवाज, सुरुवातीला सेकंद.

० ते ५ : काळा पडदा. कच्च्या रस्त्यावर सायकल. घंटी.
५ ते ११ : पोस्टमनची खाकी पिशवी, एक दार. ‘‘परबांची नाय.’’
११ ते १६ : दुसरं दार. ‘‘राण्यांची नाय.’’
१६ ते २१ : पाटी : १९८२. गिरण्या बंद.
२१ ते २७ : म्हातारीचं खळं. पोस्टमनचा हात शर्टाच्या खिशाकडे, मग फॉर्म. ‘‘आये, तुझी इली.’’
२७ ते ३८ : अंगठा. शेजारणीची सही. संवाद नाही.
३८ ते ४२ : शेजारीण आपल्या घरात जाते. दार लागतं.
४२ ते ४८ : फिल्मचं नाव. लांबून घंटी.

पाटीवर तीनच शब्द, तरी पाच सेकंद. पाटी मोठ्याने दोनदा वाचून होईल इतका वेळ ठेवायची, हा तिचा नेम. ती खरंच मोठ्याने वाचते, घड्याळ समोर धरून.

दुपारी १२.५०
जोडायला सुरुवात झाली आणि अंगठ्याच्या दृश्यापाशी ती थांबली. चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं.

तेव्हा मनीऑर्डरीचा फॉर्म ज्या पोस्टात भरला जायचा, तिथला गोल शिक्का त्यावर उमटायचा. त्यात गावाचं नाव आणि तारीख असायची. कलादिग्दर्शकाने फॉर्म इतका मनापासून बनवलाय की शिक्काही अचूक आहे. पडद्यावर तो जेमतेम सेकंदभर दिसतो. पण कॅमेरा ४केचा. मोबाइलवर कोणी चित्र थांबवलं आणि दोन बोटांनी मोठं केलं, तर गावाचं नाव वाचता येतं. ते वाचलं की फिल्मची गाठ सुटते.

मुलगा म्हणाला, शिक्का पुसट करून टाकू. तिने नाही म्हटलं. पुसट केलेली जागा आजूबाजूपेक्षा वेगळी दिसते आणि लोक नेमकं तिथेच बघतात. तिने त्याच दृश्याच्या चित्रीकरणातले सगळे तुकडे उघडले. एकात म्हातारीच्या मनगटाखाली फॉर्मचा तो कोपरा आपोआप झाकला गेलाय. त्यात उजेड थोडा कमी आहे, अंगठा किंचित हलतो. तोच घेतला. या शोधाला पाऊण तास गेला. पैसे ठरवताना अशा पाऊण तासांचा हिशोब कोणी धरत नाही.

दुपारी १.४५
डबा. दोन पोळ्या, गवारीची भाजी. मुलाकडे डबा नव्हता. तिने एक पोळी काढून दिली.

दुपारी २.३०
डबिंगचा स्टुडिओ. तासाला सातशे, किमान दोन तास. ‘‘आये, तुझी इली’’ हे वाक्य चित्रीकरणाच्या वेळी वाऱ्यात गेलंय. पोस्टमन झालेले काका साठीच्या पुढचे, रंगभूमीवरचे, मूळचे सिंधुदुर्गातले. त्यांचे दोन हजार.

काकांनी पहिल्यांदा वाक्य आनंदाने म्हटलं. पैसे आले म्हणजे आनंदच. ती काचेपलीकडून म्हणाली, ‘‘काका, शेजारीण ऐकतेय.’’ दुसऱ्यांदा ते दबक्या आवाजात आलं. आता ते गुपित वाटायला लागलं. पोस्टमनला काहीतरी माहीत आहे असा सूर लागला की बघणारा त्याच्याच मागे लागणार. तिला ते नको होतं. काकांनी पाणी प्यायलं, चष्मा काढला आणि वाक्य रोजच्या कामासारखं, सपाट म्हटलं. ‘‘आये’’नंतर बारीकसा दम घेतला. तोच घेतला. तीन शब्दांना चाळीस मिनिटं लागली. उरलेल्या वेळात ‘‘नाय’’ दोन प्रकारे घेऊन ठेवलं, कारण दोन तासांचे पैसे द्यायचेच होते.

संध्याकाळी ५.५०
पहिली जोडणी तयार. आता फिल्म न पाहिलेला माणूस हवा. मित्रमंडळी चालत नाहीत, ती छान म्हणतात. वाड्यात जिने झाडायला येणाऱ्या मावशींना तिने आत बोलावलं, खुर्ची दिली, एकदा दाखवलं. मग एकच प्रश्न : ‘‘मावशी, काय वाटलं?’’

या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तरांवरून तिला दुखणं कळतं. ‘काही समजलं नाही’ म्हणजे माहिती कमी पडली. कोणी गोष्टच सांगायला लागलं तर जास्त झाली. समोरच्याने उलट तिलाच प्रश्न विचारला तर काम झालं.

मावशी म्हणाल्या, ‘‘तो पोस्टमनच देतो वाटतं पैसे. खिशातून काढले ना.’’

मुलाचा चेहरा पडला. ती शांत होती. मावशींचा अंदाज बरोबर की चूक, हे इथे गौण आहे. प्रश्न पडायच्या आधी उत्तर सुचलं, म्हणजे टीझर फसला. खिशाकडे जाणारा हात सव्वा सेकंद दिसत होता. तिने तो कापला. हात आता थेट पिशवीतून निघतो. जागा भरायला म्हातारीच्या चेहऱ्यावर दृश्य तेवढंच लांबवलं.

मावशींना पुन्हा दाखवून उपयोग नव्हता, त्यांनी एकदा पाहिलंय. खालच्या झेरॉक्सवाल्याला वर बोलावलं. त्याने पाहिलं आणि विचारलं, ‘‘मग त्या शेजारणीचं काय होतं?’’

हा प्रश्न कोणीच ठरवलेला नव्हता. ती वहीत काहीतरी लिहीत राहिली. मग मुलाला म्हणाली, ‘‘हा तुझ्या प्रश्नापेक्षा चांगला आहे.’’

संध्याकाळी ७.१५
आवाजाची कामं. संगीत अंगठ्याच्या आधीच थांबतं. पुढे फक्त शाईच्या डब्याचं झाकण, कागद, दार. मोबाइलसाठी उभी प्रत वेगळी करावी लागते. उभ्या चौकटीत म्हातारी आणि शेजारीण एकत्र मावत नाहीत, म्हणून तिथे आधी अंगठा आणि मग सही, असे दोन तुकडे केले. ऑनलाइन टाकायचा असल्याने सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचा प्रश्न नाही. थिएटरात लावायचा झाला तर ते घ्यावं लागेल.

रात्री ८.४०
दोन्ही फाइल गेल्या. मुलगा पायीच निघाला. तिने दिवे बंद केले, हार्ड डिस्क पिशवीत टाकली. उरलेले पाच हजार फिल्म दाखवली गेल्यावर मिळायचेत. नऊ हजारांत आजचा दिवस आहे, आधीचे दोन दिवस आहेत आणि पुढे सांगितले जातील ते बदलही आहेत.

फिल्म मी शेवटपर्यंत पाहिली आहे. टीझर पाहून पडणारे दोन्ही प्रश्न तिच्यात आहेत, आणि दोन्हींची उत्तरंही.